'विवेकीकरणा'त विवेक कुठे आहे?

प्रश्न: समाजशास्त्राच्या पुस्तकात वाचलं की फास्टफूडची कामाची पद्धत इस्पितळं, विद्यापीठं, दुकानं यांत पसरणं हे 'विवेकीकरणा'चं उदाहरण आहे. यात विवेक कुठला? दुसरा शब्द नाही का?

उत्तर: तुम्हाला खटकलं ते बरोबरच खटकलं. मराठीत विवेक म्हणजे सारासार विवेक, नीरक्षीरविवेक. चांगलं-वाईट निवडणं त्यात आलंच. 'विवेकीकरण' हे ज्याचं भाषांतर, त्या 'रॅशनलायझेशन'च्या मुळाशी असलेल्या लॅटिन 'रातिओ'चा एक जुना अर्थ मात्र हिशेब, मोजणी असा आहे. जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबरचा रोख याच अर्थाकडे होता. साध्य बरं की वाईट हे न विचारता नियम आणि गणित लावून तिथवर पोचायचं, याला तो औपचारिक विवेकशीलता म्हणे. मूल्यांची कसोटी लावणारी विवेकशीलता निराळी.

वेबरने याचा नमुना नोकरशाहीत पाहिला. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ जॉर्ज रिट्झर यांनी १९८३ च्या लेखात तो मान फास्टफूडला दिला आणि 'मॅकडोनाल्डायझेशन' हा शब्द रूढ केला. झटपट काम, सगळं आकड्यांत मोजणं, कुठेही गेलं तरी तेच मिळणं, आणि माणसाच्या निर्णयाऐवजी नियम-यंत्रांचा ताबा, या त्याच्या चार खुणा.

योगायोग असा की त्याच वर्षी अमेरिकेत वृद्धांच्या सरकारी आरोग्यविम्याने, म्हणजे मेडिकेअरने, इस्पितळांना पैसे देण्याची रीत बदलली. आजारांचे गट पाडले आणि प्रत्येक गटाला आधीच ठरलेली रक्कम लावली. समजा, न्यूमोनियाचे दोन रुग्ण एकाच गटात आहेत. एक चार दिवसांत घरी गेला, दुसरा नऊ दिवस राहिला. खर्च अगदीच अपवादात्मक नसेल, तर इस्पितळाला दोघांचे पैसे सारखेच. म्हणजे नववा दिवस पदरचा! मुक्काम घटले. १९९० मध्ये आलेल्या एका मोठ्या अभ्यासात मृत्यू वाढलेले दिसले नाहीत, पण प्रकृती स्थिर नसताना घरी धाडलेल्यांचं प्रमाण वाढलेलं दिसलं. खाटा किती लवकर मोकळ्या झाल्या हे कागदावर दिसत होतं, रुग्ण घरी गेल्यावर कसा आहे याला मात्र रकाना नव्हता. पुढे २०१२ पासून न्यूमोनियासह काही आजारांत तीस दिवसांच्या आत परत दाखल होणारे रुग्ण प्रमाणाबाहेर असले, तर इस्पितळाला दंड बसू लागला. मोजणीतली चूक दुरुस्त करायला आणखी एक मोजणी. वेबर हसला असता.

विद्यापीठात यंत्राने तपासायच्या पर्यायी उत्तरांच्या परीक्षा आणि दुकानात गिऱ्हाइकानेच माल स्कॅन करून बिल करणं ही याच जातीची उदाहरणं. दुसऱ्यात तर दुकानदाराचं काम फुकटात गिऱ्हाइकाकडे सरकतं.

आता शब्दाचं. 'सुसूत्रीकरण' उद्योगधंद्यात चालतो, पण तो ऐकताच सगळं छान झालंय असं वाटतं. 'तर्कसंगतीकरण' अर्थाला जवळचा, उच्चाराला अवघड. मी 'हिशेबीकरण' लिहितो. परीक्षेच्या पेपरात मात्र 'विवेकीकरण'च लिहा, तपासनीस पाठ्यपुस्तकातला शब्द शोधत असतो.