नोंदीत ‘का’ दिसू दे

विम्याच्या दाव्याच्या नोंदीत ‘कागद तपासले, दावा अंशतः मंजूर’ एवढंच लिहिलंस, तर दोन वर्षांनी ऑडिटरला निर्णयामागचं कारण कसं कळणार? पाण्याने झालेल्या नुकसानीचा दावा घे. नोंद अशी हवी: ‘सर्व्हेअरच्या मते पाइप अचानक फुटून फरशी उखडली, भिंतीची ओल मात्र जुनी, फोटो ४ ते ७ पाहिले. हळूहळू झालेलं नुकसान पॉलिसीच्या अपवादात येतं. म्हणून फरशी मंजूर, भिंत नामंजूर.’ सोबत कलमाचा क्रमांक टाकच. दावेदाराचं म्हणणं त्याच्याच शब्दांत लिही. ‘खोटं बोलतोय वाटतं’ असलं काही नको. वाद झाला तर ती नोंद त्याच्या वकिलाच्या हातात पडू शकते. नंतर चूक सापडली, तर जुनी नोंद बदलू नकोस, त्या दिवशीच्या तारखेने नवी जोड.