आढावा लेखकांचा नको, वादांचा हवा

प्रश्न : नमस्कार मॅडम, मी एम. ए. राज्यशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे. टर्म पेपरचा विषय आहे ‘पंचायतीतील महिला आरक्षण’. साहित्याच्या आढाव्यात मी नऊ लेख घेतले आणि प्रत्येकाचा एकेक परिच्छेदात सारांश दिला. सरांनी शेरा मारला, ‘ही यादी झाली, आढावा नाही. वादांनुसार मांडा.’ म्हणजे नेमकं काय करू?

उत्तर : नमस्कार. तुझ्या मसुद्यातला तिसरा आणि सहावा परिच्छेद एकमेकांच्या जागी ठेवून बघ. काहीच बिघडलं नाही, तर सरांचं म्हणणं बरोबर आहे. वादांनुसार लिहिलेल्या आढाव्यात परिच्छेद असे हलवता येत नाहीत, कारण पुढचा मागच्याला उत्तर देत असतो.

आधी लिहिणं थांबव आणि कागदावर तक्ता आख. आडव्या ओळींत लेखांची नावं, उभ्या रकान्यांत प्रश्न. तुझ्या विषयात मला दोन प्रश्न दिसतात. सरपंचपदी बाई आली की गावाचे निर्णय बदलतात का? आणि आरक्षण दुसरीकडे सरकल्यावर काही मागे उरतं का? प्रत्येक लेखाचं उत्तर त्या-त्या चौकटीत एका वाक्यात लिही. सोबत अभ्यास कुठे झाला आणि काय मोजलं, तेही नोंदव. मग तक्ता आडवा न वाचता उभा वाच. एक रकाना म्हणजे आढाव्याचा एक भाग.

पहिला रकाना करून दाखवते. चट्टोपाध्याय आणि डुफ्लो यांनी २००४ मध्ये पश्चिम बंगाल आणि राजस्थानातल्या पंचायतींवरून दाखवलं की महिला प्रमुख असलेल्या ठिकाणी पिण्याच्या पाण्यावर जास्त काम झालं. रस्त्यांवर मात्र बंगालमध्ये जास्त आणि राजस्थानात कमी, आणि त्या-त्या ठिकाणच्या बायकांच्या तक्रारीही तशाच होत्या. बान आणि राव यांनी २००८ मध्ये दक्षिणेतल्या चार राज्यांत पाहिलं, तर महिला आणि पुरुष प्रमुखांच्या कामात सरसकट फरक सापडला नाही. जिथे बाईला राजकारणाचा अनुभव जास्त होता, उच्च जातींचा वरचष्मा कमी होता आणि पंचायत व्यवस्था जुनी, रुळलेली होती, तिथे ती अधिक प्रभावी ठरली.

यादीत हे दोन सुटे परिच्छेद झाले असते. आता सुरुवात अशी कर : ‘महिला प्रमुखामुळे निर्णय बदलतात का, याबाबत अभ्यासकांत एकमत नाही; मतभेदाचं एक कारण म्हणजे अभ्यासाचा प्रदेश.’ नावं त्यानंतर, पुरावा म्हणून येतील. परिच्छेदाचा पहिला शब्द लेखकाचं नाव असेल, तर तिथे पुन्हा यादी सुरू झाली असं समज.

मुलं इथे एक चूक हमखास करतात. दोन निष्कर्ष वेगळे दिसले की ‘परंतु’ घालून भांडण लावून देतात. वरचे दोन अभ्यास एकमेकांना खोडतातच असं नाही. एक पैसा कशावर गेला ते विचारतो, दुसरा कोणत्या परिस्थितीत बाईचा हात चालतो तेही विचारतो. प्रश्न वेगळा असेल तर तसं स्पष्ट लिही. खरा वाद तोच, जिथे एकाच प्रश्नाला दोन उत्तरं येतात.

दुसऱ्या रकान्यात आपल्या घरचा पुरावा आहे. भावनानी यांनी २००९ मध्ये मुंबई महापालिकेचे वॉर्ड तपासले. १९९७ मध्ये महिलांसाठी राखीव असलेले काही वॉर्ड २००२ मध्ये खुले झाले. तिथे बाई निवडून येण्याची शक्यता आधी राखीव नसलेल्या वॉर्डांच्या सुमारे पाचपट निघाली. त्याच वर्षी बीमन आणि सहकाऱ्यांनी बंगालच्या गावांत पाहिलं की दोनदा आरक्षण झाल्यावर खुल्या जागांवरही बायका जास्त उभ्या राहिल्या आणि जिंकल्या. दोघंही ‘काहीतरी उरतं’ म्हणतात, पण का उरतं? बाई जिंकू शकते हे पक्षांना कळतं म्हणून, की ती कामही करते हे मतदार पाहतात म्हणून? वाद इथे आहे. डुफ्लो बीमन यांच्या अभ्यासातही आहेत, त्यामुळे त्यांचं नाव तुझ्या आढाव्यात दोनदा येईल. येऊ दे. नऊपैकी एखादा लेख कुठल्याच रकान्यात बसत नसेल तर तो वगळ, कितीही कष्टाने वाचलेला असला तरी.

आणि इथेच तुझ्या पेपरला जागा मिळते. मुंबईत तिकीट पक्ष देतो. बंगालमध्ये ग्रामपंचायतही पक्षाच्या चिन्हावर लढवतात. महाराष्ट्रात ग्रामपंचायत निवडणूक पक्षचिन्हावर होत नाही, गावात पॅनेल उभी राहतात. मग खुल्या झालेल्या जागेवर माजी महिला सदस्याला पुन्हा उभं करायचं की नाही, हे पॅनेलप्रमुख कशावरून ठरवतो? आढाव्याचा शेवटचा परिच्छेद या प्रश्नावर आणून सोड आणि तिथून थेट तुझ्या गावाच्या माहितीकडे वळ.