आकडा हाताने, बाकी सेव्ह: घरगुती बुटीकच्या डीएमची उत्तरं

इन्स्टावर रोज 25-30 जणी नुसतं 'किंमत?' विचारतात. उत्तर सेव्ह करून ठेवलंय, लगेच पाठवते. तरी बहुतेक जणी वाचून गप्प बसतात. काय चुकतंय?
(एक वाचक, इचलकरंजी)

तुम्ही सोबत पाठवलेलं उत्तर वाचलं. सात ओळींचं आहे आणि किंमत पाचव्या ओळीत येते. त्याआधी नमस्कार, स्वागत, कापडाची माहिती, व्यवसाय घरगुती असल्याचा उल्लेख. पण फोनच्या नोटिफिकेशनमध्ये पहिली एक-दीड ओळच दिसते. तिला तिथे 'नमस्कार मॅडम, आमच्या बुटीकमध्ये' एवढंच दिसलं, तर तिने जे विचारलं ते तिला मिळालेलंच नसतं.

माझी पद्धत अशी आहे की किंमतीचा आकडा सेव्ह करायचाच नाही. तो हाताने टाइप करायचा आणि वेगळा मेसेज म्हणून आधी पाठवायचा: '₹1,450'. चार आकडे टाइप करायला कितीसा वेळ लागतो? वेळ जातो तो नंतरच्या मजकुरात, म्हणून तो सेव्ह करायचा आणि आकड्याच्या पाठोपाठ पाठवायचा. खणाच्या साडीसाठी मी तो असा लिहीन:

'ही किंमत साडी आणि ब्लाउज पीसची आहे. फॉल-पिको करून हवं असेल तर ₹120 वेगळे. कुरिअर महाराष्ट्रात ₹80, बाहेर ₹120. साडी कुठे पाठवायची आहे? पिनकोड कळवलात तर एकूण रक्कम सांगते.'

यात फॉल-पिको आणि कुरिअरचे आकडे सेव्ह केलेले आहेतच, असं तुम्ही म्हणाल. ते चालतात, कारण ते सगळ्या साड्यांना सारखे असतात आणि वर्षातून एखाद्या वेळी बदलतात. नगागणिक बदलणारा आकडा मात्र सेव्ह करू नये. हे मी चूक करून शिकले. श्रावणात एका लॉटची किंमत ₹1,450 होती, ती उत्तरात सेव्ह होती. दिवाळीआधीचा लॉट महाग आला, पोस्टवर मी ₹1,600 लिहिलं, पण सेव्ह केलेलं उत्तर तसंच राहिलं. तीन जणींना जुनी किंमत गेल्यावर माझ्या लक्षात आलं. लेखी कळवलेली किंमत फिरवायची नाही असं ठरवलं आणि तिघींनाही ₹1,450 लाच साडी दिली. ₹450 गेले, पण त्यातली एक गिऱ्हाईक अजून माझ्याकडे येते.

त्या मजकुराचा शेवट प्रश्नाने होतो, तो मुद्दाम. नुसती किंमत कळली की संभाषण तिथेच थांबतं. 'आवडली का?' असा प्रश्न तिला अवघडवतो, 'घेणार का?' त्याहून जास्त. 'कुठे पाठवायची?' या प्रश्नाला उत्तर देणं सोपं असतं. शिवाय पिनकोड आला की तुम्ही पूर्ण हिशेब देऊ शकता: साडी 1,450, फॉल-पिको 120, कुरिअर 80, एकूण ₹1,650. ही बेरीजही हातानेच टाइप करा. ऑर्डर पक्की झाल्यावर कुरिअरचा खर्च सांगितला की माणूस बिथरतो, म्हणून तो आधीच सांगायचा.

आणि 'मॅडम' हा शब्द सेव्ह केलेल्या मजकुरातून काढा. बायकोसाठी, आईसाठी साडी बघणारे पुरुषही डीएम करतात. नाव दिसत असेल तर आकड्याच्या मेसेजमध्येच हाताने घाला.

'स्टॉकमध्ये आहे' असं उत्तर सेव्ह करून ठेवलं होतं. एकीला ते पाठवलं, तिने पैसे भरले आणि नंतर कळलं की साडी सकाळीच व्हॉट्सअ‍ॅपवर दुसरीला गेली होती. खूप बोलणी खाल्ली. आता काय लिहू?
(एक वाचक, नाशिक)

'आहे' हा शब्दच सेव्ह करू नका. कारखान्यातून एका डिझाइनचे 200 नग उचलणाऱ्याचं निभतं. आपल्याकडे एका रंगाची एकच साडी असते, फार तर दोन. शिवाय ती इन्स्टा, व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस आणि शेजारच्या काकू अशा तीन वाटांनी विकली जाते. म्हणून 'आहे' किंवा 'गेली' हे कपाटापाशी जाऊन, साडी हातात घेऊन टाइप करायचं. शक्य असेल तर त्याच क्षणी काढलेला फोटो पाठवा, जुन्या पोस्टचा नको. साडी समोर आहे हे तिलाही कळतं आणि तुमचीही खात्री होते.

सेव्ह करायचा तो बाजूला ठेवण्याचा नियम. तुमच्या प्रसंगात खरी उणीव इथेच होती. सकाळी जिने घेतली तिची साडी कपाटातच राहिली, तिच्यावर कसली खूण नव्हती. माझा मजकूर असा:

'साडी हवी असेल तर तुमच्या नावाने बाजूला ठेवते. पैसे मी कळवेन त्या वेळेपर्यंत आले तर साडी तुमची, नाहीतर पुढच्या व्यक्तीला देईन. ठेवू का?'

आणि ती 'हो' म्हणाली की वेळ हाताने: 'आज संध्याकाळी 7 पर्यंत.' 'दोन तास' असं लिहू नका. दोन तास तिने मेसेज वाचल्यापासून की तुम्ही पाठवल्यापासून, यावर वाद होतो. घड्याळातली वेळ दोघींना सारखीच दिसते.

मग लगेच साडीवर चिठ्ठी टाचा: नाव, वेळ, आणि कुठून विचारलं ते. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये त्या चॅटला `Pending payment` हे लेबल लावा, ते अ‍ॅपमध्ये तयारच मिळतं. पण लेबलवर विसंबू नका, कारण इन्स्टावरच्या गिऱ्हाइकाचं काही तिथे दिसत नाही. चिठ्ठी साडीवरच असते, त्यामुळे ती घरातल्या कुणालाही दिसते. पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट आला म्हणजे पैसे आले असंही धरू नका. आपल्या बँकेच्या किंवा यूपीआय अ‍ॅपमध्ये रक्कम जमा दिसली की मगच 'मिळाले' लिहायचं. म्हणून 'पेमेंट मिळालं, धन्यवाद' हे उत्तरसुद्धा मी सेव्ह केलेलं नाही. एका टॅपवर जाणारं उत्तर माणूस न तपासता पाठवतो.

'किती दिवसांत मिळेल?' याला मी '3 ते 4 दिवस' पाठवते. शहरात ठीक जातं, पण गावाकडच्या पार्सलना उशीर होतो आणि भांडणं होतात. गावांसाठी वेगळं उत्तर ठेवू का?
(एक वाचक, सांगली)

वेगळं उत्तर ठेवून भागणार नाही, कारण गाव कुठलं आणि शहर कुठलं हे मेसेज बघून कळत नाही. पिनकोडचे पहिले तीन आकडेही फसवतात. 416 ने तुमच्या सांगलीचा पिनकोड सुरू होतो, कोल्हापूरचाही आणि सिंधुदुर्गातल्या मालवण-कणकवलीचाही. म्हणून सहाही आकडे मागायचे आणि कुरिअरच्या साइटवर तो पिनकोड टाकून बघायचा. खाजगी कुरिअर तिथे पोचत नसेल तर स्पीड पोस्ट.

'3 ते 4 दिवस' ही तुमच्या लेखी प्रवासाची मुदत असते. गिऱ्हाईक मात्र पैसे भरल्या क्षणापासून मोजते. भांडण या फरकातून होतं. एक उदाहरण मोजून बघू. एकीने गुरुवारी रात्री पैसे भरले, फॉल-पिको सांगितलं. शुक्रवार-शनिवार त्यात गेले. रविवारी कुरिअर बंद. सोमवारी पार्सल निघालं. तिच्या पिनकोडला कामाचे 3 ते 4 दिवस लागतात, म्हणजे ते गुरुवारी किंवा शुक्रवारी पोचेल. तुमच्या हिशेबाने चारच दिवस, तिच्या हिशेबाने आठवडा. आणि लग्न त्याच गुरुवारी असलं तर?

म्हणून सेव्ह करायची ती मोजण्याची रीत:

'पैसे मिळाल्यावर फॉल-पिकोला कामाचे 2 दिवस लागतात, तिसऱ्या दिवशी पार्सल निघतं. रविवार धरत नाही. फॉल-पिको नको असेल तर दुसऱ्याच दिवशी निघतं. कुठल्या तारखेला नेसायची आहे? पिनकोडही सांगा.'

तारीख कळली की उत्तर हाताने. वरच्या गिऱ्हाइकाला मी लिहीन: 'फॉल-पिको करून गुरुवारपर्यंत पोचेल याची खात्री देता येत नाही. तसंच पाठवलं तर उद्या, शुक्रवारी निघेल आणि मंगळवार-बुधवारपर्यंत यायला हवं. फॉल-पिको तुमच्याकडे करून घेता येईल का?' एखादी ऑर्डर यात हातची जाईल. पण लग्नानंतर पोचलेली साडी परत येते, आणि दोन्ही वेळचं कुरिअर आपल्याच अंगावर पडतं.

पार्सल निघाल्यावरचा मजकूर सेव्ह करायला हरकत नाही: 'पार्सल आज निघालं. ट्रॅकिंग नंबर पुढच्या मेसेजमध्ये.' नंबर वेगळ्या मेसेजमध्ये पाठवला की तिला तो एका झटक्यात कॉपी करता येतो. स्पीड पोस्टचा नंबर 13 जागांचा असतो: दोन अक्षरं, नऊ आकडे आणि शेवटी IN. पावतीवरून टाइप करताना एखादा आकडा गाळला जातो, मोजून पाठवा.

हे सगळं फोनमध्ये नक्की कुठे साठवायचं? शॉर्टकट ठेवले होते, पण तेच आठवत नाहीत.
(एक वाचक, पणजी)

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये `Business tools` मध्ये जाऊन `Quick replies`. चॅटमध्ये `/` टाइप केलं की यादी उघडते, म्हणून शॉर्टकट पाठ नसला तरी अडत नाही. इन्स्टावर अकाउंट प्रोफेशनल असावं लागतं, मग सेटिंग्जमध्ये `Saved replies` सापडतं. मेन्यूची जागा अपडेटनंतर सरकते, तेव्हा सेटिंग्जच्या सर्चमध्ये नाव टाका. दोन्हीकडे मजकूर आधी टाइप करायच्या चौकटीत येतो, त्यामुळे पाठवण्यापूर्वी बदलता येतो. एकीकडचं उत्तर दुसरीकडे आपोआप जात नाही. कुरिअरचा दर बदलला तर दोन्हीकडे बदलावा लागतो.

व्हॉट्सअ‍ॅप 50 उत्तरं ठेवू देतं. वर दिलेल्या मजकुरांसाठी मी चारच ठेवते: `/kimmat`, `/theva`, `/kadhi`, `/nighala`. दोन्हीकडे हेच शब्द. तुम्ही प्रत्येक साडीला एक शॉर्टकट केला असणार, म्हणून आठवत नाहीत.

'ताई, शेवटचं किती?' याला सेव्ह केलेलं उत्तर द्यावं का?
(एक वाचक, लातूर)

द्यावं, आणि ते सगळ्यांना एकच असावं. मैत्रिणी-मैत्रिणी स्क्रीनशॉट दाखवतात. एकीला ₹100 कमी केले की दुसरी तेच मागते. मी एवढंच ठेवलंय: 'किंमत सगळ्यांना एकच ठेवते. दोन साड्या एकत्र घेतल्यात तर कुरिअर एकाचंच घेईन.' दुसरं वाक्य तुमच्या कुरिअरच्या वजनाच्या स्लॅबमध्ये बसत असेल तरच लिहा. आधी दोन साड्या पॅक करून काट्यावर ठेवून बघा.