गणितात ४९ म्हणजे मुलगा कच्चा आहे का?

"मॅडम, मुलगा नववीत आहे, आम्ही लालबागला राहतो. ह्या वेळी रिझल्टवर मार्कांच्या बाजूला क्लास अ‍ॅव्हरेज, हायेस्ट आणि रँक पण छापलंय, आम्हाला हे नवीनच आहे. मराठीत ८० पैकी ६८ (अ‍ॅव्हरेज ७०, हायेस्ट ७६), गणितात ४९ (अ‍ॅव्हरेज ३८, हायेस्ट ७८). एकूण ४८० पैकी ३५३ आणि रँक ३१. मागच्या वेळी ३५५ होते तर रँक १९ होता. गणित कच्चं असेल तर दहावीनंतर सायन्सचा विचार सोडून द्यायचा का?"

ताई, आधी गणितावरून त्याला ओरडणं बंद करा, कारण रिझल्ट उलटंच सांगतोय. पेपर कठीण होता हे ३८ च्या अ‍ॅव्हरेजवरूनच कळतं, आणि त्यात तुमचा मुलगा ११ मार्कांनी वर आहे. मराठीत ६८ दिसायला छान वाटतात पण तिथे तो अ‍ॅव्हरेजच्या २ खाली आहे, म्हणजे वाईट नाही, सगळ्यांनाच भरपूर मार्क पडलेत एवढंच.

आणि त्या ७८ शी तुलना करू नका. हायेस्ट म्हणजे एका मुलाचा मार्क, बाकी वर्गाबद्दल तो काहीच सांगत नाही.

रँकचं जरा नीट सांगते, कारण पालक सगळ्यात जास्त इथेच घाबरतात. मार्क फक्त २ ने कमी झालेत आणि रँक १२ ने घसरला, असं कसं? तर वर्गात वरती चारपाच मुलं लांब लांब असतात आणि मधे गर्दी असते, चर्चगेट लोकलच्या डब्यासारखी, तिथे एकेका टोटलवर दोनतीन मुलं उभी असतात. त्या गर्दीतली काही मुलं ह्या वेळी ५-६ मार्कांनी पुढे सरकली की तुमचा मुलगा जागेवर असून मागे जातो. खात्री करायची असेल तर ओपन हाऊसला बाईंना एवढंच विचारा की ह्या वेळी १९ व्या रँकला किती टोटल आहे. ३६० च्या आसपास असेल तर हा सगळा ६-७ मार्कांचा खेळ आहे, पण ३९० वगैरे निघाली तर मात्र बाकीचे खरंच पुढे गेलेत आणि कुठल्या विषयात गेलेत ते बघायला लागेल. अजून एक, गैरहजर मुलांचा शून्य अ‍ॅव्हरेजमध्ये धरलाय का तेही विचारा, धरला असेल तर ३८ हा आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसत असणार.

आता सायन्स. ४९ वरून मी नाही म्हणणार नाही, पण हो पण म्हणणार नाही, कारण ३१ मार्क गेलेतच आणि ते कुठे गेले हे रिझल्टवर कुठेच नाही. बोर्डाच्या गणितात भाग १ बीजगणित ४० आणि भाग २ भूमिती ४० असतात, ते वेगळे वेगळे मागून घ्या. ३२ आणि १७ निघाले तर फक्त भूमितीवर बसायचंय, २५ आणि २४ निघाले तर दोन्ही पेपर मुलाला शेजारी बसवून बघा, गणित येतच नव्हतं की स्टेप्स खाल्ल्या की वेळ संपला. ते बघून मला परत लिहा, मग सायन्सचं बोलू.