सेक्टर रोटेशन: पहिले तीन सेक्टर निवडणं सोपं, बदलायचे कधी हा खरा प्रश्न

प्रश्न: सांगलीत मार्केट यार्डात अडत दुकानात दिवाणजी आहे. दिवसभर स्क्रीन बघणं जमत नाही. दर महिन्याला सेक्टर इंडेक्सची रिलेटिव्ह स्ट्रेंग्थप्रमाणे क्रमवारी लावून पहिल्या तीन सेक्टरचे ईटीएफ ठेवायचे, असं ऐकलंय. तीन लाख आहेत. नक्की कसं करायचं आणि यात फसायला कुठे होतं?

उत्तर:

महिन्यातून एकदा तासभर बसलात तरी हे काम होतं, त्यामुळे स्क्रीनची काळजी सोडा. क्रमवारी लावायला अवघड काहीच नाही. पैसे जातात ते तिसऱ्या आणि चौथ्या क्रमांकाच्या अदलाबदलीत.

आधी यादी नीट करा. एनएसईच्या निर्देशांकांत निफ्टी बँक, फायनान्शियल सर्व्हिसेस आणि प्रायव्हेट बँक असे तीन वेगवेगळे इंडेक्स दिसतात, पण तिन्हींत सर्वांत मोठा वाटा एचडीएफसी बँक आणि आयसीआयसीआय बँकेचाच असतो. तिन्ही यादीत ठेवलेत तर बँका चालतात त्या काळात तुमचे 'तीन सेक्टर' म्हणजे त्याच दोन बँका होतील. फार्मा आणि हेल्थकेअर यांचंही तसंच. म्हणून प्रत्येक धंद्याचा एकच इंडेक्स घ्या: ऑटो, प्रायव्हेट बँक, पीएसयू बँक, आयटी, फार्मा, एफएमसीजी, मेटल, रिअल्टी, ऑइल अँड गॅस. नऊ पुरेत. यातल्या ज्याच्या ईटीएफमध्ये रोजची उलाढाल अगदीच किरकोळ आहे, तो काढून टाका. विकायच्या दिवशी घेणारा मिळाला नाही तर क्रमवारी अचूक असून उपयोग नाही.

आकडे niftyindices.com वरच्या ऐतिहासिक डेटातून महिन्याच्या शेवटच्या दिवसाचे बंद भाव घ्या. क्रमवारी इंडेक्सवर लावायची, ईटीएफच्या भावावर नाही. ईटीएफच्या युनिटचं कधी विभाजन होतं आणि जुना भाव दुरुस्त केलेला नसेल तर शीटमध्ये एका दिवसात ९० टक्के पडझड दिसते.

गुण काढायला सहा आणि बारा महिन्यांच्या परताव्याची सरासरी घ्या. C मध्ये आजचा भाव, D मध्ये सहा महिन्यांपूर्वीचा, E मध्ये वर्षापूर्वीचा:

```
F2: =((C2/D2-1)+(C2/E2-1))/2
G2: =RANK(F2,F$2:F$10)
```

नमुन्यादाखल, मेटल इंडेक्स आज ९,६००, सहा महिन्यांपूर्वी ८,६०० आणि वर्षापूर्वी ७,९०० धरा. सहा महिन्यांचे ११.६ टक्के, वर्षाचे २१.५ टक्के, सरासरी १६.६. निफ्टीशी तुलना कुठे आली, असं वाटेल. रिलेटिव्ह स्ट्रेंग्थ म्हणून बरेच जण प्रत्येक सेक्टरला निफ्टीने भागतात. पण एका कालावधीसाठी सगळ्यांना एकाच आकड्याने भागल्यावर क्रम बदलत नाही आणि दोन कालावधींच्या सरासरीतही तो सहसा बदलत नाही, त्यामुळे ती मेहनत बहुतेक वेळा वाया जाते. चार्टवर दिसणारा आरएसआय हा वेगळा प्रकार आहे, तो इथे वापरू नका.

या साध्या गुणात एक खोट आहे. पीएसयू बँक, मेटल आणि रिअल्टी हे मुळातच जास्त हेलकावे खाणारे सेक्टर. त्यामुळे पहिला क्रमांकही तेच पटकावतात आणि शेवटचाही. २५ ऑक्टोबर २०१७ हा दिवस बघा. आदल्या संध्याकाळी सरकारने सरकारी बँकांसाठी २.११ लाख कोटींचं भांडवल जाहीर केलं आणि पीएसयू बँक इंडेक्स एका दिवसात जवळपास ३० टक्के वाढला. महिनाअखेरीला क्रमवारी लावणाऱ्याच्या शीटमध्ये तो सेक्टर झपाट्याने वर आला, पण वाढ तर आधीच होऊन गेली होती. पुढे फेब्रुवारी २०१८ मध्ये पंजाब नॅशनल बँकेचा घोटाळा उघड झाला आणि ती वाढ ओसरत गेली. वर आणखी गंमत अशी की, असा दिवस सहा महिन्यांच्या हिशेबातून बाहेर पडला की भाव न हलताही गुण धाडकन खाली येतो.

यावर उपाय म्हणजे गुणाला चढउताराने भागायचं. गेल्या बारा महिन्यांचे मासिक परतावे H पासून S पर्यंत लिहा आणि `=F2/STDEV(H2:S2)` हा आकडा क्रमवारीला वापरा. एका महिन्यात ३० टक्के उसळलेल्या सेक्टरचा भाजक मोठा होतो, आणि दर महिन्याला दीड-दोन टक्के शांतपणे चढणारा वर येतो. एनएसईचा स्वतःचा निफ्टी २०० मोमेंटम ३० इंडेक्सही सहा आणि बारा महिन्यांचा परतावा चढउताराने भागूनच शेअर निवडतो. खालचं उदाहरण समजायला सोपं जावं म्हणून साध्या गुणांवर देतो.

समजा तुमच्याकडे ऑटो, पीएसयू बँक आणि मेटल आहेत. महिनाअखेरीचे गुण असे आले: फार्मा २१.४, ऑटो १९.८, पीएसयू बँक १७.१, मेटल १६.६, रिअल्टी १५.९, आयटी ९.२, बाकीचे त्याखाली. 'पहिले तीनच' हा नियम शब्दशः पाळायचा तर मेटल विकून फार्मा घ्यावा लागेल. मेटल आणि पीएसयू बँकेत फरक अर्ध्या टक्क्याचा. पुढच्या महिन्यात मेटल पुन्हा तिसरा येऊ शकतो आणि तुम्ही उलटा व्यवहार कराल.

त्या एका अदलाबदलीचा खर्च मांडू. मेटलमध्ये चार महिन्यांपूर्वी १ लाख घातले, आता १ लाख १२ हजार झाले. नफा १२,०००. बारा महिन्यांच्या आत विकल्यामुळे २० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे २,४९६ रुपये. विकताना आणि घेताना भावातला फरक प्रत्येकी ०.३ टक्के धरला तर साधारण ६७०. वर डीपी चार्ज. मिळून ३,२०० च्या घरात, म्हणजे रकमेच्या जवळपास २.९ टक्के. अर्ध्या टक्क्याच्या फरकासाठी एवढे मोजायचे नाहीत.

म्हणून आत घ्यायचा आणि बाहेर काढायचा नियम वेगळा ठेवा. जागा रिकामी असेल तर पहिल्या तिनांतलाच घ्यायचा, पण हातात असलेला पाचव्या क्रमांकापर्यंत राहू द्यायचा. तो सहावा झाला की विकायचा आणि त्या दिवशी आपल्याकडे नसलेल्यांत जो सर्वांत वर असेल तो घ्यायचा. वरच्या उदाहरणात मेटल चौथा आहे, म्हणून तो राहील आणि फार्मा पहिला असूनही थांबेल. हे मनाला पटत नाही, हात शिवशिवतात, पण सवलत ठेवण्याची किंमत तीच आहे. पुढच्या महिन्यात मेटल सहावा झाला तर मेटल बाहेर आणि फार्मा आत. नऊ सेक्टरांच्या यादीत तीन आणि पाच हे अंतर मला योग्य वाटतं. सहा-सातपर्यंत सैल सोडलंत तर पडणारा सेक्टर फार उशिरा सुटतो.

कराचा मुद्दा तुमच्यासाठी आणखी महत्त्वाचा आहे. तीन लाख निफ्टीच्या साध्या इंडेक्स फंडात वर्षापेक्षा जास्त ठेवून विकले, तर वर्षाला सव्वा लाखापर्यंतच्या दीर्घकालीन नफ्यावर कर नाही. रोटेशनमधला बहुतेक नफा अल्पकालीन निघतो. निफ्टीने १२ टक्के दिले तर करानंतर तेवढेच हाती पडायला रोटेशनने १५ टक्क्यांच्या वर द्यायला हवेत, आणि भावातल्या फरकाचा खर्च त्याहून वेगळा. नव्या करप्रणालीत १२ लाखांच्या आत उत्पन्न असलं की कर शून्य, असं धरून चालू नका. ती सूट या नफ्यावर मिळत नाही. तुमचं बाकीचं उत्पन्न मूळ करमुक्त मर्यादेपेक्षा कमी असेल, तर तेवढाच फरक यातून वजा होतो.

आता निफ्टी नाही तर कशाशी तुलना करायची, तर शून्याशी. पहिल्या क्रमांकाचा सेक्टरही उणे असेल तर तो फक्त सर्वांत कमी पडलेला आहे. ज्याचा गुण शून्याखाली, तो पहिल्या तिनांत असला तरी घेऊ नका. ती जागा लिक्विड फंडात ठेवा. हातातल्या सेक्टरचा गुण शून्याखाली गेला तर क्रमांक न बघता तोही काढा. हळूहळू पडणाऱ्या बाजारात हा नियम कामाला येतो. झटक्यात पडणाऱ्या बाजारात येत नाही. २८ फेब्रुवारी २०२० च्या बंद भावाला निफ्टी वर्षापूर्वीपेक्षा वरच होता, आणि २३ मार्चला ७,६१० वर आला. महिनाअखेर उजाडायच्या आत सगळं होऊन गेलं. आयटीचंही असंच उशिरा कळतं. २०२१ मध्ये आयटी इंडेक्स ६० टक्क्यांच्या आसपास वाढला आणि २०२२ मध्ये सुमारे २६ टक्के पडला. मागच्या वर्षाची वाढ गुणात शिल्लक असल्यामुळे पडझडीचे पहिले काही महिने तो सेक्टर यादीत तग धरून राहतो. या पद्धतीने शिखरावर विकता येत नाही, त्याच्या बरंच खाली विकलं जातं.

खरेदी-विक्री महिन्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी करा, सकाळची पहिली पंधरा-वीस मिनिटं सोडून. यार्डातले सौदे आटोपून दुपारी मोबाईल हातात घेतलात तरी चालेल. ऑर्डर देण्याआधी त्या ईटीएफची आयनॅव्ह, म्हणजे त्या क्षणाची खरी किंमत, एनएसईच्या किंवा फंड कंपनीच्या साइटवर बघा. ITBEES किंवा AUTOBEES चा भाव आयनॅव्हपेक्षा ०.३ टक्क्यांहून जास्त वर असेल तर थांबा. मार्केट ऑर्डर अजिबात नको, लिमिट ऑर्डरच टाका. बातमीच्या दिवशी लहान ईटीएफ आयनॅव्हच्या एक-दीड टक्का वर विकला जाताना दिसतो, आणि तेवढा तोटा घेताक्षणीच खिशातून गेलेला असतो.

तुमच्या तीन लाखांतले मी एक लाखच यात घालायला सांगेन, उरलेले निफ्टीच्या इंडेक्स फंडात. सेक्टर दर दोन महिन्यांनी पालटतात अशा काळात ही पद्धत सलग वर्षभरसुद्धा निफ्टीच्या मागे पडते. सगळे पैसे त्यातच असले की माणूस नेमका त्याच वर्षात नियम मोडतो.