चंद्रकोरीचं क्षेत्रफळ त्रिकोणाएवढं: π जातो कुठे?

प्रश्न: मुलाचा दहावीचा क्षेत्रफळाचा धडा घेताना एक आकृती दिसली. दोन कंसांमधली चंद्रकोर, आणि खाली लिहिलंय की तिचं क्षेत्रफळ बाजूच्या त्रिकोणाएवढंच. दोन्ही कडा वाकड्या, मग उत्तरात π का नाही? आणि कोरीचा त्रिकोण होतो, तर अख्ख्या वर्तुळाचा का होत नाही?

उत्तर:

π येतो, पण दोनदा येतो आणि दोन्ही वेळा तेवढाच येतो, म्हणून वजाबाकीत उडतो. कागद, कंपास घ्या आणि काढतच वाचा. नुसत्या वाचण्याने हे पटत नाही.

काटकोन काढा, शिरोबिंदू O. दोन्ही भुजांवर १० सेंमी अंतरावर A आणि B घ्या. O वर कंपासचं टोक ठेवून A पासून B पर्यंत कंस काढा. ही झाली पाव वर्तुळाची पाकळी. आता A आणि B जोडा, AB चा मध्य काढा, तिथे टोक ठेवून O च्या विरुद्ध बाजूला AB या व्यासावर अर्धवर्तुळ काढा. दोन कंसांच्या मधे जी कोर उरली, ती आपली. आणि त्रिकोण म्हणजे AOB.

आकृती बरोबर आली का, ते बघायची सोपी खूण आहे. OA आणि OB वर चौरस पुरा करा. त्याचा चौथा कोपरा बरोबर बाहेरच्या कंसावर पडला पाहिजे. कोरीची मधली जाडी ४.१ सेंमीच्या आसपास भरायला हवी. माझ्याकडे शिकायला येणारी मुलं हमखास आतला कंस अंदाजाने, "कोरीसारखा दिसेल असा" काढतात. मग कोर देखणी येते, पण सिद्धता तिला लागू पडत नाही. आतल्या कंसाचं केंद्र O च हवं.

आता सिद्धता. पायथागोरसप्रमाणे AB² = २ × OA². म्हणजे छोट्या वर्तुळाच्या व्यासाचा वर्ग OA² च्या दुप्पट. मोठ्या वर्तुळाचा व्यास OA च्या दुप्पट, म्हणून त्याचा वर्ग OA² च्या चौपट. वर्तुळांची क्षेत्रफळं व्यासांच्या वर्गांच्या प्रमाणात असतात, तेव्हा छोटं वर्तुळ मोठ्याच्या बरोबर निम्मं. मग छोट्याचा अर्धा भाग म्हणजे मोठ्याचा पाव भाग. AB वरचं अर्धवर्तुळ आणि O ची पाकळी यांचं क्षेत्रफळ सारखं झालं. बघा, इथपर्यंत π लिहावाही लागला नाही.

दोन्ही आकृत्यांमध्ये एक तुकडा सामाईक आहे: जीवा AB आणि आतला कंस यांच्यामधला वर्तुळखंड. पाकळीतून तो काढला की त्रिकोण उरतो. अर्धवर्तुळातून तोच काढला की कोर उरते. सारख्यातून सारखं गेलं, म्हणून कोर = त्रिकोण. संपलं.

आकडे घालून बघा. त्रिकोण ५० चौ. सेंमी. पाकळी ७८.५४, म्हणून वर्तुळखंड २८.५४. अर्धवर्तुळाची त्रिज्या ७.०७, त्याचंही क्षेत्रफळ ७८.५४. त्यातून २८.५४ गेले, ५० राहिले. मी एकदा आलेखाच्या कागदावर कोरीतले चौकोन मोजले होते, अर्धेमुर्धे जोडून साडेपन्नास आले. पेन्सिलीच्या जाडीचा हिशेब धरता वाईट नाही.

मुलगा एक चूक करण्याची दाट शक्यता आहे: अर्धवर्तुळातून सगळी पाकळीच वजा करेल आणि उत्तर शून्य आणेल. त्याला विचारा, पाकळीचा किती भाग अर्धवर्तुळाच्या आत आहे? फक्त वर्तुळखंड. त्रिकोण तर AB च्या अलीकडे आहे, अर्धवर्तुळ पलीकडे.

ही कोर हिप्पोक्रेटीसची. शपथवाला वैद्य नव्हे, तो कॉस बेटाचा. हा खिऑस बेटाचा, इ.स.पू. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात अथेन्समध्ये होता. त्याचं स्वतःचं लिखाण हरवलं. आपल्याला हे काम कळतं ते इसवी सनाच्या सहाव्या शतकातल्या सिम्प्लिकियस या भाष्यकाराने जुन्या ग्रंथातून उतरवून ठेवलं म्हणून.

आता तुमचा दुसरा प्रश्न, आणि खरी गंमत इथेच आहे. काटकोनाऐवजी O पाशी ६०° घ्या. मग AB ही त्रिज्येएवढीच, म्हणून छोटं वर्तुळ मोठ्याचा पाव भाग आणि त्याचं अर्धवर्तुळ मोठ्याचा आठवा भाग. पाकळी मात्र सहावा भाग. आता सारख्यातून सारखं जात नाही. कोर त्रिकोणापेक्षा मोठ्या वर्तुळाच्या चोविसाव्या भागाने कमी भरते, आणि त्या चोविसाव्या भागात π बसलेला आहे. १० सेंमी त्रिज्येला त्रिकोण ४३.३०, कोर ३०.२१.

याच ६०° च्या कोरींवरून एक मोहात पाडणारी आकृती होते. अर्धवर्तुळात नियमित षटकोनाचा निम्मा भाग बसवा. तो समलंब चौकोन असतो, तीन बाजू त्रिज्येएवढ्या आणि चौथी व्यास. तीन छोट्या बाजूंवर बाहेरच्या अंगाला अर्धवर्तुळं काढा, आणि तसंच चौथं एक अर्धवर्तुळ बाजूला वेगळं काढून ठेवा. प्रत्येक छोटं अर्धवर्तुळ मोठ्या वर्तुळाचा आठवा भाग, म्हणून चार मिळून निम्मं, म्हणजे मोठ्या अर्धवर्तुळाएवढं. दोन्हीकडून तेच तीन वर्तुळखंड काढा. उरलं ते असं: समलंब चौकोन = तीन कोरी + एक छोटं अर्धवर्तुळ.

आता कोणीही म्हणेल, कोरीचा त्रिकोण होतो हे आपण सिद्ध केलंच आहे, मग तीन कोरी वजा केल्या की अर्धवर्तुळही सरळ बाजूंच्या आकृतीत आलं! पण जी कोर त्रिकोणाएवढी होती ती ९०° ची होती, या तीन ६०° च्या आहेत. एका कोरीचा निकाल दुसरीला चिकटवला तर वर्तुळाचा चौरस झाल्याचा भास होतो. १८८२ मध्ये लिंडेमान या गणितज्ञाने π बीजातीत आहे, पूर्णांकांच्या कुठल्याही बहुपदी समीकरणाचं ते उत्तर नाही, हे सिद्ध केलं, म्हणजे पट्टी-कंपासने वर्तुळाएवढा चौरस काढता येणारच नाही. त्यामुळे ६०° च्या कोरीचाही नाही, कारण तो आला असता तर वरच्या समीकरणाने वर्तुळाचाही आला असता.

पट्टी-कंपासने जिच्याएवढा चौरस काढता येतो अशा कोरी फारच थोड्या. हिप्पोक्रेटीसने तीन काढल्या, अठराव्या शतकात आणखी दोन मिळाल्या, आणि विसाव्या शतकात चेबोतार्योव आणि दोरोदनोव यांनी दाखवलं की दोन कंसांचे कोन एकमेकांशी परिमेय प्रमाणात असतील तर या पाचांपलीकडे एकही नाही. ती सिद्धता दहावीच्या पलीकडची, तिच्या नादी लागू नका.

मुलाला १२०° चा कोन घेऊन स्वतः करू द्या. अर्धवर्तुळ मोठ्याचा तीन-अष्टमांश येईल, पाकळी एक-तृतीयांश. या वेळी कोर त्रिकोणापेक्षा मोठी निघाली पाहिजे, आणि तीही त्याच चोविसाव्या भागाने.