मानेच्या रिपोर्टातली ‘झीज’: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : वय ३६, सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. दोन महिन्यांपासून मान आणि खांदे आखडतात, संध्याकाळी जास्त. एक्स-रेच्या रिपोर्टात ‘लॉस ऑफ सर्व्हायकल लॉर्डोसिस’, ‘रिड्यूस्ड डिस्क स्पेस सी ५-६’ आणि ‘अर्ली डिजनरेटिव्ह चेंजेस’ असे लिहिले आहे. इतक्या लवकर माझी हाडे झिजली का? – पुणे

उत्तर : हाडे झिजलेली नाहीत. बदल झाला आहे तो मुख्यतः दोन मणक्यांमधल्या गादीत. मानेत सात मणके असतात आणि दुसऱ्या मणक्यापासून खाली प्रत्येक जोडीमध्ये एक गादी असते. प्रौढ वयात या गादीच्या आतल्या भागाला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. तिचे पोषण वरच्या-खालच्या मणक्यांच्या पृष्ठभागातून झिरपत येते. वय वाढते तसे तिच्यातले पाणी कमी होते, तिची उंची घटते आणि कडेच्या हाडाला बारीक टोके फुटतात. उंची घटली की रिपोर्टात ‘रिड्यूस्ड डिस्क स्पेस’ येते आणि टोके दिसली की ‘ऑस्टिओफाइट्स’ येते. या सगळ्याला मिळून स्पाँडिलोसिस म्हणतात. पाचव्या आणि सहाव्या मणक्यांमधल्या सांध्यात मान पुढे-मागे वाकण्याची हालचाल भरपूर होते, त्यामुळे सी ५-६ हे नाव रिपोर्टांत वारंवार दिसते. ही झीज कोणाला किती लवकर होईल, यात आनुवंशिकतेचा वाटा बराच मोठा असतो. संगणकासमोर बसल्याने मान दुखते हे खरे, पण त्याच बसण्याने तुमची गादी झिजली असे एक्स-रेवरून कोणालाही म्हणता येणार नाही.

‘लॉस ऑफ लॉर्डोसिस’ म्हणजे मानेची पुढच्या बाजूची नैसर्गिक कमान कमी दिसणे. एक्स-रे काढताना तंत्रज्ञाने हनुवटी थोडी खाली घ्यायला सांगितली तरी ही कमान सपाट होते. दुखणाऱ्या मानेचे स्नायू आखडले तरी होते, आणि कित्येक निरोगी माणसांची मान मुळातच सरळ असते. रिपोर्टातल्या सगळ्या शब्दांत सर्वांत कमी वजनाचा शब्द कोणता असे विचारले, तर मी याच शब्दाकडे बोट दाखवीन.

जपानमध्ये मानेचा कोणताही त्रास नसलेल्या १,२११ निरोगी स्वयंसेवकांचे एमआरआय काढले गेले आणि तो अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ८७.६ टक्के लोकांच्या मानेत कुठे ना कुठे गादी बाहेर फुगलेली दिसली, आणि विशीतल्या सुमारे तीन-चतुर्थांश लोकांचीही तीच स्थिती होती. तुम्हाला हाताला मुंग्या नाहीत, ताकद कमी झालेली नाही, अपघात, ताप किंवा वजनात घट यांचाही उल्लेख नाही. अशा दुखण्यात एक्स-रे नसता काढला तरी उपचार बदलले नसते. ते उपचार म्हणजे मान आणि खांद्याच्या पात्यांभोवतीच्या स्नायूंचा नियमित व्यायाम, लॅपटॉपचा पडदा डोळ्यांच्या उंचीवर आणून वेगळा कीबोर्ड वापरणे आणि अर्ध्या तासाने खुर्चीतून उठणे.

प्रश्न : वय ४३, विमा कार्यालयात नोकरी करते. तीन आठवड्यांपासून डाव्या पात्यापाशी सुरू होणारी कळ दंडाच्या मागून मधल्या बोटापर्यंत जाते आणि बोटाला मुंग्या येतात. एमआरआयमध्ये ‘मल्टिलेव्हल डिस्क डेसिकेशन’, ‘सी ४-५ आणि सी ५-६ ला डिफ्यूज बल्ज इंडेंटिंग द थीकल सॅक’, ‘सी ६-७ ला लेफ्ट पॅरासेंट्रल प्रोट्रूजन, लेफ्ट न्यूरल फोरॅमिनल नॅरोइंग’ आणि ‘कॉर्ड सिग्नल नॉर्मल’ असे आहे. तीन ठिकाणी बिघाड म्हणजे ऑपरेशनच ना? – ठाणे

उत्तर : तीन ठिकाणांपैकी दोन बाजूला ठेवता येतात. ‘डेसिकेशन’ म्हणजे गादीतले पाणी कमी होणे. पाण्याने भरलेली गादी एमआरआयच्या काही चित्रांत पांढुरकी दिसते, कोरडी झालेली काळी दिसते, एवढाच त्याचा अर्थ. ‘डिफ्यूज बल्ज’ म्हणजे गादीचा बराचसा घेर मणक्याच्या कडेबाहेर थोडा फुगणे. ‘इंडेंटिंग द थीकल सॅक’ हे वाचून लोक घाबरतात, पण थीकल सॅक ही मज्जारज्जूभोवतीची पाण्याची पिशवी आहे. तिला बाहेरून थोडा दाब बसला तरी आतला मज्जारज्जू सुरक्षित असू शकतो, आणि ‘कॉर्ड सिग्नल नॉर्मल’ ही नोंद त्याला दुजोरा देते.

उरते ती सी ६-७ ची जागा. ‘प्रोट्रूजन’मध्ये गादीचा एकच भाग बाहेर येतो, इथे तो मध्यापासून किंचित डावीकडे आहे आणि नस जिथून बाहेर पडते ते छिद्र त्याने अरुंद केले आहे. मानेतल्या नसा आपापल्या मणक्याच्या वरून निघतात, म्हणून सी ६-७ च्या छिद्रातून सातवी नस बाहेर पडते. ती दंडाच्या मागच्या स्नायूला ताकद देते आणि सहसा मधल्या बोटाची संवेदना सांभाळते. तुमची कळ नेमकी याच वाटेने जाते, बाजूही डावीच आहे. रिपोर्ट आणि त्रास यांची गाठ अशी पडली, तरच रिपोर्टातला शब्द कामाचा ठरतो. तुमच्या मुंग्या मधल्या बोटाऐवजी अंगठ्यात असत्या, तर मी सहाव्या नसेकडे पाहिले असते. त्या रात्री झोपेतून उठवणाऱ्या आणि हात झटकल्यावर थांबणाऱ्या असत्या, तर मनगटात दबणाऱ्या नसेची तपासणी आधी केली असती, मग एमआरआयमध्ये मानेच्या कितीही गाद्या फुगलेल्या असोत.

डॉक्टरांकडे तीन गोष्टी तपासून घ्या: कोपर वाकवलेला हात विरोधाविरुद्ध सरळ करण्याची ताकद, कोपरामागच्या शिरेवर हातोडीने मारल्यावर येणारा झटका आणि मधल्या बोटाची संवेदना. तिन्ही बाबतींत उजवा आणि डावा हात ताडून पाहायचा. घरी एक खूण बघता येईल. डावा तळहात डोक्यावर ठेवून बसल्यावर कळ कमी होत असेल, तर ती मानेतल्या नसेची असण्याची शक्यता वाढते. ताकद शाबूत असेल, तर पहिले सहा ते बारा आठवडे औषधे, हलके व्यायाम आणि फिजिओथेरपी यांवर काढणे योग्य आहे, कारण अशा बहुतेक रुग्णांचे हाताचे दुखणे या काळात बरेच ओसरते. बाहेर आलेला गादीचा भाग शरीर हळूहळू शोषूनही घेते. ऑपरेशनचा विचार ताकद कमी होत चालली किंवा इतके करूनही कळ असह्यच राहिली तर करायचा. खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठताना डावा हात दगा देऊ लागला, तर मात्र बारा आठवडे थांबू नका.

प्रश्न : वय ५७, सरकारी कार्यालयात आहे. मान फारशी दुखत नाही. सहा महिन्यांपासून शर्टाची बटणे लावायला वेळ लागतो, सही बदलली म्हणून बँकेने चेक परत केला, जिना उतरताना कठडा धरावा लागतो. एमआरआयमध्ये ‘सी ५-६ कॅनाल स्टेनोसिस, कॉर्ड कॉम्प्रेशन विथ टी-२ हायपरइंटेन्सिटी’ आहे. निवृत्तीनंतर पाहू म्हटले तर चालेल? – नाशिक

उत्तर : चालणार नाही. या आठवड्यात मणक्याच्या शल्यविशारदांना किंवा न्यूरोसर्जनना दाखवा. वरच्या दोन्ही उत्तरांत मी शब्दांचे वजन कमी केले, इथे ते करता येणार नाही. ‘कॅनाल स्टेनोसिस’ म्हणजे मज्जारज्जूची नळी अरुंद होणे. मानेत तिची पुढून मागे रुंदी साधारण १७-१८ मिलिमीटर असते. १३ पेक्षा कमी भरली तर जागा अपुरी आणि १० पेक्षा कमी भरली तर फारच अपुरी मानतात. ‘कॉर्ड कॉम्प्रेशन’ म्हणजे पाण्याची पिशवी नव्हे, प्रत्यक्ष मज्जारज्जू दबला आहे, आणि ‘टी-२ हायपरइंटेन्सिटी’ म्हणजे दबलेल्या जागी तो चित्रात पांढरा दिसतो. हा पांढरेपणा सुजेमुळे असू शकतो किंवा कायमच्या इजेमुळेही. एका चित्रावरून दोन्हींतला फरक नेहमी सांगता येत नाही.

बटणे, सही आणि जिना ही तिन्ही लक्षणे मज्जारज्जूवरील दाबाची आहेत. हा आजार फार न दुखता वाढतो, म्हणूनच लोक तो वयावर ढकलतात. एक साधी चाचणी आहे: तळहात खाली करून मूठ पूर्ण मिटायची आणि पूर्ण उघडायची, जमेल तितक्या वेगाने, दहा सेकंद. निरोगी माणूस सहसा वीस किंवा अधिक वेळा करतो. यापेक्षा बरीच कमी संख्या भरली, तर ती डॉक्टरांना सांगा. पाऊल दुसऱ्या पावलाच्या टाचेला लावत सरळ रेषेत चालता येते का, हेही ते पाहतील. ऑपरेशनचा पहिला हेतू बिघाड थांबवणे हा असतो. गेलेले कौशल्य काही प्रमाणात परतते, पण दाब जितका जुना तितके कमी परतते. तोपर्यंत मान मोडून घेऊ नका, वजन लावून ओढून घेऊ नका, पडणार नाही याची काळजी घ्या. लघवीवरचा ताबा जाऊ लागला किंवा पाय एकाएकी लुळे पडू लागले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

प्रश्न : वय ४८. रात्री कुशीवर वळले की खोली फिरते, काही सेकंदांत थांबते. एक्स-रेत स्पाँडिलोसिस निघाला, म्हणून चार महिने गळ्यात पट्टा घालते आहे. चक्कर तशीच आहे. – कोल्हापूर

उत्तर : ही चक्कर मानेची वाटत नाही. कुस बदलताच येणारी आणि मिनिटाच्या आत थांबणारी चक्कर बहुधा आतल्या कानातले बारीक कण जागा सोडून गेल्यामुळे येते. कान-नाक-घसा तज्ज्ञ तुम्हाला बसलेल्या स्थितीतून पटकन आडवे करून, डोके एका बाजूला वळवून डोळ्यांची हालचाल पाहतील. निदान पक्के झाले, तर डोके ठरावीक क्रमाने फिरवून ते कण परत जागी आणता येतात, अनेकदा एकाच भेटीत. पन्नाशीजवळ अनेकांच्या एक्स-रेत स्पाँडिलोसिस सापडतो, तसा चक्कर येणाऱ्या रुग्णाच्या एक्स-रेतही तो सापडू शकतो. पट्टा आता सोडा. इतके महिने तो घातल्याने मानेचे स्नायू दुबळे होतात. बोलणे अडखळणे, एकाच्या जागी दोन दिसणे किंवा अंगाची एक बाजू लुळी पडणे यांबरोबर आलेली चक्कर वेगळी, तिच्यासाठी तातडीने रुग्णालयात जा.

प्रश्न : मागच्या वर्षीच्या एमआरआयमध्ये ‘डिजनरेटिव्ह चेंजेस’ होते, आता त्रास नाही. झीज वाढली का ते पाहायला यंदा पुन्हा काढू का? – बेळगाव

उत्तर : नको. वाढलेली टोके विरघळत नाहीत आणि वाळलेली गादी पुन्हा भरत नाही, तेव्हा नवा रिपोर्ट आधीपेक्षा चांगला येण्याची शक्यता कमी आहे. तुम्ही मात्र बरे आहात. हाताला नवी कळ, ताकदीत घट किंवा चालण्यात बदल जाणवला, तरच पुन्हा काढा, आणि तेव्हा जुन्या चित्रांची सीडी बरोबर न्या. रेडिओलॉजिस्टला आधीची चित्रे शेजारी ठेवता आली, तर कोणता बदल नवा आणि कोणता जुना हे त्याला सांगता येते.